नाचणी पफच्या पाकिटामागची यादी साध्या मराठीत कशी लिहावी?

शमा_नाशिक
आमच्या मुलीच्या शाळेत मधल्या सुट्टीच्या डब्याबद्दल दर पंधरवड्याला एक पान फळ्यावर लावतात. यंदा ते लिहायचं काम माझ्याकडे आहे. एक पाकीट घ्यायचं, त्याच्या मागची घटकांची यादी वाचायची आणि आई-वडील, आजी-आजोबा यांना उभ्या उभ्या वाचून कळेल असं समजावून सांगायचं. शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर गेलं की कोणी वाचत नाही, हे मागच्या दोन पानांनी शिकवलंय.

या वेळचं पाकीट नाचणी-ज्वारीच्या टोमॅटो पफचं आहे. 35 ग्रॅमचं. कंपनीचं नाव पानावर देणार नाही, इथेही देत नाही. पुढे नाचणीचं कणीस, टोमॅटो आणि ‘भरडधान्यांचा पौष्टिक खाऊ, तळलेला नाही’ असं छापलंय. मागची यादी मराठीत करून देते:

तांदळाचे पीठ, मक्याचा रवा, खाद्य वनस्पती तेल (पामोलिन), नाचणीचे पीठ (11%), हरभरा डाळीचे पीठ, मसाला (साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ, टोमॅटो पावडर, कांदा पावडर, मसाल्याचे पदार्थ, आम्लता नियंत्रक आयएनएस 330 व 296, चव वाढवणारे आयएनएस 627 व 631, गुठळ्या न होण्यासाठी आयएनएस 551), ज्वारीचे पीठ (3%).

100 ग्रॅममागे: स्निग्ध पदार्थ 21 ग्रॅम, त्यात संपृक्त 9 ग्रॅम. वरून घातलेली साखर 1.8 ग्रॅम. सोडियम 560 मिलिग्रॅम.

आणि हा माझा कच्चा मसुदा: “हा पफ मुख्यतः नाचणी आणि ज्वारीचा आहे. तळलेला नसल्याने तेल फारसं नाही. भरडधान्यांचा असल्याने ग्लुटेन नाही. मात्र त्यात पाच रसायनं आहेत, म्हणून जपून.”

काय चुकतंय, काय राहतंय, सांगा.

कोकणचा_म्हातारा
नाचणीचे पफ विकत कशाला आणायचे? नाचणीचे पापड वर्षाचे करून ठेवावेत. पीठ आदल्या दिवशी भिजवून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उकड काढायची, जिरं-मीठ घालून उन्हात वाळवायचं. भाजून दिलेत तर मुलं पफ विसरतील.

शमा_नाशिक
काका, पापड माझ्याही घरी होतात. पण प्रश्न यादी समजावण्याचा आहे. डब्यात पाकीट येतंच, निदान काय येतंय ते कळू दे.

हिशेबी
ताई, पहिलंच वाक्य यादीच्या विरुद्ध आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. जे सर्वांत जास्त ते आधी. तांदूळ पहिला, मका दुसरा, तेल तिसरं, नाचणी चौथी. ‘मुख्यतः नाचणी आणि ज्वारी’ हे पाकिटाच्या पुढच्या बाजूने तुमच्या हातून लिहून घेतलंय.

नाचणी 11 आणि ज्वारी 3, मिळून 14. शंभरातले चौदा.

शमा_नाशिक
बाप रे, खरंच. यादी स्वतः टाइप करूनही माझ्या लक्षात आलं नाही. मग तांदूळ आणि मका किती ते लिहू का? त्यांच्यापुढे टक्के नाहीत.

एमआयडीसी_पफ
मी सात वर्षं पफच्या कारखान्यात उत्पादन विभागात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टक्के सगळ्यांपुढे का नसतात: एखादा घटक पाकिटावर शब्दांनी किंवा चित्राने ठळक मिरवला, तर तो किती टक्के घातला हे यादीत द्यावं लागतं. नाचणीचं कणीस छापलं म्हणून 11 आलं, ज्वारीचं नाव घेतलं म्हणून 3 आलं. तांदळाचा फोटो कोणी छापत नाही. त्यामुळे पाकीट हातात घेतलं की आधी चित्र बघायचं आणि मग त्याच वस्तूपुढचा आकडा शोधायचा. तुमच्या पानाचं पहिलं वाक्य तिथूनच मिळेल.

दुसरं, तेल. ‘तळलेला नाही’ हे खरं आहे, पण त्यावरून ‘तेल फारसं नाही’ असं होत नाही. पफ बनतो असा: पीठ आणि रवा थोड्या पाण्याने ओलसर करून एक्सट्रूडरमध्ये घालतात. आत मळसूत्र फिरतं, दाब आणि उष्णता शंभर अंशांच्या बऱ्याच वर जाते. पण दाबामुळे पाण्याची वाफ होऊ शकत नाही. बारीक भोकातून माल बाहेर पडला की दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि पीठ फुगतं. इथवर तेलाचा थेंबही नाही. नंतर पफ सुकवतात, आणि मग फिरत्या पिंपात त्यावर तेल फवारून मसाला टाकतात. कोरड्या पफला मसाला चिकटत नाही, त्यासाठी तेल लागतं. तुमच्या यादीत तेल नाचणीच्या आधी आहे, म्हणजे 11 टक्क्यांहून कमी नाही. स्निग्ध पदार्थ 21 ग्रॅम दिसतायत. पिठांतून फार तर एक-दोन ग्रॅम येतील. बाकी सगळं फवारलेलं तेल, साधारण 19-20 ग्रॅम.

मीनल_ताई_सांगली
म्हणजे 35 ग्रॅमच्या पाकिटात सात ग्रॅम तेल! चहाच्या चमच्याने दीड चमचा. हे आकड्यापेक्षा चमच्यात लिही ग शमा. माझ्या सासूबाईंना ग्रॅम सांगितलं तर ऐकत नाहीत, चमचा सांगितला की डबाच उघडून बघतात.

हिशेबी
चमच्याला अनुमोदन. आणि तेल पामोलिन आहे हे आकड्यांतूनही ताडून बघता येतं. 21 पैकी 9 संपृक्त, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या थोडं वर. सूर्यफूल तेल असतं तर हा आकडा 2-3 ग्रॅमवर राहिला असता. यादी आणि पोषणतक्ता एकमेकांशी जुळतात का, हे प्रत्येक पाकिटावर करून बघण्यासारखं आहे. इथे जुळतात.

आता तांदूळ-मका. नेमका आकडा मिळणार नाही, पण हद्दी मिळतात. 100 मधून तेल 20, नाचणी 11, ज्वारी 3 काढा. उरले 66. त्यात तांदूळ, मका, डाळीचं पीठ आणि मसाला. डाळीचं पीठ आणि मसाला नाचणीच्या नंतर आहेत, म्हणजे प्रत्येकी 11 पेक्षा जास्त नाहीत. आणि ज्वारीच्या आधी आहेत, म्हणजे प्रत्येकी 3 पेक्षा कमी नाहीत. दोघं मिळून 6 ते 22. म्हणून तांदूळ आणि मका मिळून 44 ते 60 च्या दरम्यान. ‘जवळपास निम्मा भाग तांदूळ-मक्याचा’ असं लिहिलंत तर कोणी खोडू शकणार नाही. ‘दोन तृतीयांश’ लिहू नका, ते सिद्ध होत नाही.

रानवाटा
म्हणजे सरळ फसवणूक. नाचणीच्या नावाखाली तांदूळ विकायचा. पानावर ‘फसवे पाकीट’ असंच शीर्षक द्या.

एमआयडीसी_पफ
रानवाटा, राग समजतो, पण यात एक तांत्रिक कारणही आहे. पफ फुगतो तो स्टार्चमुळे. मक्याचा रवा आणि तांदूळ यासाठी उत्तम. नाचणीत कोंडा जास्त. कोंड्याचे कण फुगणाऱ्या बुडबुड्यांच्या भिंती फोडतात, आणि माल लहान, जड आणि कडक निघतो. आम्ही नाचणी वाढवून बघितली होती. पफ दाताखाली खड्यासारखे लागत होते. वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे आमच्या यंत्रावर जमलं नाही. दुसऱ्या यंत्रावर जमेलही. 11 म्हणजे अगदी जेमतेम आहे, हे मात्र मान्य. नाव पुढे मोठं असायला नको होतं, हे माझंही मत आहे. पण टक्के मागे छापलेत, म्हणून कायद्याने ती फसवणूक ठरेलच असं नाही.

रानवाटा
कायद्याचं असू दे. वाचणारी आई पुढची बाजू बघून पाकीट घेते.

शमा_नाशिक
तोच तर मुद्दा आहे. शीर्षकात ‘फसवे’ लिहिणार नाही, पण ‘पुढे काय, मागे काय’ असं दोन्ही शेजारी शेजारी ठेवेन. वाचणारे स्वतः ठरवतील.

आरोग्यम्_धनसंपदा
सगळे तेल-तांदळात अडकलेत आणि मुख्य विष सुटलं. आयएनएस 631 म्हणजे डुकराची चरबी, आणि 330 कर्करोग करतं. 330 तर सगळ्यात घातक, फ्रान्सच्या रुग्णालयाने दिलेली यादी माझ्याकडे आहे. नंबर दिसला की पाकीट ठेवून द्यायचं.

एमआयडीसी_पफ
631 ची चरबी ही फिरती गोष्ट आहे. त्याचं नाव डायसोडियम इनोसिनेट. चरबी नाही, चव वाढवणारा क्षार आहे. मांस किंवा मासळीपासून काढता येतो, हे खरं, म्हणून ती गोष्ट अर्धी खरी वाटते. पण स्टार्च आंबवूनही करतात. आणि प्राणिजन्य असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका चालत नाही, तपकिरी त्रिकोण लागतो. शमाताई, ठिपका बघा.

शमा_नाशिक
हिरवा ठिपका आहे.

भाषांतरकार_पुणे
330 बद्दलची ती फ्रेंच यादी मला माहीत आहे. 1976 पासून फ्रान्समध्ये एक पत्रक फिरत होतं, पॅरिसजवळच्या विलज्वीफच्या कर्करोग रुग्णालयाच्या नावाने. रुग्णालयाने ते आपलं नसल्याचं सांगितलं, तरी थांबलं नाही. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. ते बदनाम कसं झालं याचं एक स्पष्टीकरण असं देतात: आपल्या पेशी ऊर्जा तयार करतात त्या चक्रात सायट्रिक आम्ल येतं, आणि त्या चक्राला हान्स क्रेब्स या शास्त्रज्ञाचं नाव आहे. जर्मनमध्ये ‘क्रेब्स’ म्हणजे खेकडा आणि कर्करोगसुद्धा. कोणी तरी आडनावाचाच अर्थ लावला. भाषांतरात एक शब्द चुकला की काय होतं, याचं हे उदाहरण मी नवीन मुलांना देतो.

शमा_नाशिक
मग ‘पाच रसायनं’ हे वाक्य काढू का? काढलं तर कोणी म्हणेल लपवलं.

भाषांतरकार_पुणे
काढू नका, उलगडा. यादीत प्रत्येक नंबरच्या आधी त्याचं काम लिहिलेलं असतं. नंबर बाजूला ठेवून कामच सांगा. “330 आणि 296 आंबटपणासाठी: पहिलं लिंबात असतं, दुसरं कच्च्या सफरचंदात. 627 आणि 631 चव ठसठशीत करायला. 551 मसाला दमट होऊन गोळा होऊ नये म्हणून.” ‘रसायन’ हा शब्द काहीच सांगत नाही, मीठही रसायनच. आणि ‘नैसर्गिक’ हा शब्दही वापरू नका, कारण कारखान्यात सायट्रिक आम्ल लिंबातून काढत नाहीत, बुरशीच्या मदतीने साखर आंबवून करतात. ‘लिंबात असतं’ हे खरं, ‘लिंबापासून केलेलं’ हे खोटं.

गुडघेदुखी_58
मला संधिवात आहे, युरिक ॲसिड वाढलेलं. डॉक्टरांनी प्युरीन टाळायला सांगितलंय. 627 आणि 631 यांत प्युरीन असतं असं वाचलं. नातवाच्या पाकिटातले चार पफ खाल्ले तर चालतील का?

एमआयडीसी_पफ
हे दोन्ही प्युरीनचेच क्षार आहेत, तुमचं वाचन बरोबर. मसाल्यात ते फार थोडे घालतात. पण तुमच्या शरीराला किती चालतं हे मी सांगू शकत नाही. डॉक्टरांना हे दोन नंबर दाखवून विचारा.

हिशेबी
‘फार थोडे’ म्हणजे किती, याची वरची हद्द पाकिटावरूनच काढता येते. मला ही युक्ती फार उपयोगी वाटते. मीठ शोधायचं. सोडियम 560 मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ येतं, म्हणजे 1400 मिलिग्रॅम, 1.4 ग्रॅम. थोडं सोडियम इतर घटकांतूनही येतं, त्यामुळे खरं मीठ 1.4 किंवा त्याहून कमी. आता कंसातसुद्धा क्रम उतरताच असतो. म्हणून मिठानंतर आलेली प्रत्येक गोष्ट 100 ग्रॅममध्ये 1.4 ग्रॅमपेक्षा कमी. टोमॅटो पावडर त्यातच आली! पुढे टोमॅटोचा एवढा मोठा फोटो आणि 35 ग्रॅमच्या पाकिटात टोमॅटो पावडर अर्ध्या ग्रॅमच्या आत.

शमा_नाशिक
थांबा, चित्रातल्या वस्तूपुढे टक्के द्यावे लागतात ना? टोमॅटोपुढे तर नाहीत.

एमआयडीसी_पफ
चांगला प्रश्न. चवीपुरता थोडा वापरलेल्या घटकाला सूट मिळते. टोमॅटो ‘चव’ म्हणून दाखवला असेल तर टक्के नसतात. पण चित्र किती मोठं झालं की तो घटक मिरवला असं मानायचं, यावर आमच्या लेबलवाल्यांतही वाद व्हायचे.

मधुमेही_मास्तर
निवृत्त शिक्षक, बारा वर्षांचा मधुमेह. मी माल्टोडेक्स्ट्रिनवर, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या पावडरीवर बोलतो. साखरेच्या आकड्यात ते धरत नाहीत, पण रक्तात साखर मात्र झटकन वाढवतं. ही खरी लपवाछपवी. पानावर ठळक लाल अक्षरांत लिहा.

हिशेबी
मास्तर, दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण तीच युक्ती इथे लावा. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेनंतर आहे, आणि वरून घातलेली साखर 1.8 ग्रॅम. म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन त्याहून जास्त नाही. या 35 ग्रॅमच्या पाकिटात फार तर 0.63 ग्रॅम. त्याच पाकिटात तांदूळ-मका मिळून पंधरा ते एकवीस ग्रॅम आहे, आणि तो फुगवलेला, म्हणजे पटकन पचणारा. लाल अक्षरं वापरायचीच असतील तर त्यांच्यासाठी वापरा.

मधुमेही_मास्तर
हे असं कधी मोजलं नव्हतं. मी माल्टोडेक्स्ट्रिन नसलेली तांदळाची पाकिटं निर्धास्त खात होतो. आजपासून बंद.

ओवीची_आई
मी उशिरा आले, पण एक वाक्य वाचून थबकले. “भरडधान्यांचा असल्याने ग्लुटेन नाही.” शमाताई, हे कृपया लिहू नका. माझ्या मुलीला सीलिॲक आहे, म्हणजे ग्लुटेन अजिबात चालत नाही. नाचणी, ज्वारी, तांदूळ, मका यांत ग्लुटेन नाही, हे खरं. पण पाकिटात काय काय मिसळलंय ते धान्याच्या नावावरून कळत नाही. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पानावर विश्वास ठेवून मी तिला ज्वारीच्या चकल्या दिल्या. आठवडाभर ती पोट धरून बसली होती. यादीच्या खाली किंवा पाकिटाच्या घडीजवळ ॲलर्जीची ओळ असते. ती वाचून इथे टाका ना.

शमा_नाशिक
शिवणीच्या घडीत होती, उलगडून वाचली. “गहू आहे. दूध व सोया यांचे अंश असू शकतात.”

गहू आहे! पण यादीत कुठेही गहू नाही. हे कसं?

ओवीची_आई
माझा अंदाज: हिंग. आपण वापरतो ते बांधणी हिंग मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मळलेलं असतं. ‘मसाल्याचे पदार्थ’ या दोन शब्दांत ते बसून गेलं असेल. सीलिॲकच्या घरात हिंगाचा डबाच वेगळा घ्यावा लागतो, तांदळाच्या पिठातला.

एमआयडीसी_पफ
शक्य आहे. मसाले वेगवेगळ्या नावांनी न देता ‘मसाल्याचे पदार्थ’ असं एकत्र लिहिता येतं. पण खात्रीने हिंगच असं म्हणणार नाही. कांदा पावडरसाठी किंवा एखाद्या चवीच्या पावडरसाठी आधार म्हणूनही गव्हाचं काहीतरी असू शकतं. कंपनीला विचारल्याशिवाय कळणार नाही. ओवीची आई, कारण काहीही असो, तुमच्यासाठी ‘गहू आहे’ हीच शेवटची ओळ.

शमा_नाशिक
ताई, तुमच्या मुलीबद्दल वाचून पोटात गोळा आला. हे वाक्य पानावर गेलं असतं. पाकिटावरच्या क्रमांकावर आज फोन केला. “मसाला बाहेरून येतो, कळवतो” म्हणाले. उत्तर आलं की इथे लिहीन.

मीनल_ताई_सांगली
कॅल्शियमचं कोणी बोललं नाही. नाचणी म्हटलं की आमच्याकडे सगळ्या बायका हाडांसाठी म्हणून घेतात.

हिशेबी
35 ग्रॅमला 11 टक्के म्हणजे 3.85 ग्रॅम नाचणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम 364 मिलिग्रॅम दिलंय. म्हणजे पाकिटातल्या नाचणीतून साधारण 14. चाळीस ग्रॅम पिठाची एक लहान भाकरी घेतली तर सुमारे 145. एका भाकरीएवढ्या नाचणीसाठी दहा पाकिटं लागतील.

कोकणचा_म्हातारा
आणि दहा पाकिटांबरोबर पंधरा चमचे तेल. म्हणून सांगत होतो, पापड करा.

शमा_नाशिक
काका, हे वाक्य पानावर घेतेय, तुमची हरकत नसेल तर. नवा मसुदा:

“पुढे नाचणी, मागे काय?
घटकांची यादी जास्तीपासून कमीकडे लिहिलेली असते. या पफमध्ये आधी तांदूळ, मग मका, मग तेल, आणि चौथी नाचणी. 100 ग्रॅममध्ये नाचणी 11 आणि ज्वारी 3 ग्रॅम. जवळपास निम्मा भाग तांदूळ-मक्याचा.
पफ तळलेला नाही हे खरं, पण मसाला चिकटावा म्हणून वरून तेल फवारतात. एका पाकिटात सुमारे दीड चहाचा चमचा पामतेल आणि अर्धा ग्रॅम मीठ.
नाचणीच्या एका लहान भाकरीइतकी नाचणी हवी तर अशी दहा पाकिटं लागतील, आणि त्यांबरोबर पंधरा चमचे तेल.
नंबरांचं काम: 330 व 296 आंबटपणा, 627 व 631 चव, 551 मसाला सुटा राहण्यासाठी.
गहू आहे. ग्लुटेन वर्ज्य असलेल्या मुलांना देऊ नये. ही ओळ पाकिटाच्या घडीत असते, उलगडून वाचा.”

भाषांतरकार_पुणे
छान उतरलंय. एकच: ‘अर्धा ग्रॅम मीठ’ याला आधार द्या. मोठ्यांसाठी दिवसाला 5 ग्रॅमची मर्यादा सांगतात, त्याचा दहावा भाग. नाही तर अर्धा ग्रॅम वाचून कोणालाही ते थोडं वाटेल.

रानवाटा
‘रोज देऊ नका’ असं शेवटी हवंच. नुसती माहिती देऊन काय होणार?

शमा_नाशिक
यावर माझं मन अजून ठरत नाही. ग्लुटेनसारखं जिथे ठाम सांगता येतं तिथे सांगितलंय. बाकी घरांत कोणाच्या डब्यात महिन्यातून एकदा पाकीट येतं, कोणाच्या रोज. सगळ्यांना एकच हुकूम द्यायला मन धजत नाही.

ओवीची_आई
मला हुकूम नको असतो. घडीतली ओळ कुठे आहे, एवढं कोणी सांगितलं असतं तर तेव्हा पुरलं असतं.

शमा_नाशिक
ताजी खबर: कंपनीचा फोन आला. मसाल्यात हिंग आहे आणि त्यात गव्हाचं पीठ आहे, असं सांगितलं. कांदा पावडरमध्ये आणखी काही आहे का, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. लेखी मागितलंय. पान सोमवारी लागतंय, ‘गहू आहे’ सगळ्यात वर घेतलंय.